झेंडूच्या बाजारात गेलेला कान

आमच्या अडतीत बोली करायचं काम माझं होतं. आदिलाबादच्या भाजी बाजारात आमचं लहानसं दुकान. गुडीहत्नूर, बाजारहत्नूरकडचे शेतकरी पहाटे माल आणून टाकायचे आणि मी गोण्यांवर चढून भाव पुकारायचो. वडील गेले तेव्हा हिशेब थोरल्या भावाकडे गेला आणि गळा माझ्याकडे आला, असं घरात म्हणत. पण बोली गळ्यावर चालत नाही, कानावर चालते. घेणारे चारी बाजूंनी उभे असतात. कोणी तेलुगूत आकडा टाकतो, कोणी हिंदीत, कोणी आपल्या मराठीत. पुष्कळ जण नुसता हुंकार देतात. तो हुंकार कुठून आला, हे मान न वळवता कळलं पाहिजे. मला कळायचं. त्यात आपलं काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. पायाखाली जमीन असते तसं ते होतं.

ज्या वर्षी आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. तेलंगण वेगळं होऊन थोडाच काळ झाला होता आणि आता नवे जिल्हे होणार होते. बाजारात दुसरा विषय नव्हता. निर्मलकडचे व्यापारी आनंदात होते, त्यांना घराजवळ कलेक्टर मिळणार होता. आमच्याकडचे म्हणायचे, एवढा मोठा जिल्हा होता, आता उरलं काय? माझी बायको भैंशाची. तिचा भाऊ तिथं एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो फोनवर चिडवायचा, "भावजी, आता आमी परजिल्ह्यातले. येतानी सांगून येत जा." माझी माय या सगळ्याला हसायची. ती लग्न होऊन आली तेव्हा हैदराबाद राज्य मोडून आमचा भाग नुकताच आंध्रात गेला होता. ती म्हणायची, "मी आली तवापासून पाटी तीनदा बदलली. चूल हाये तिथंच हाये."

नवे जिल्हे दसऱ्याला सुरू व्हायचे होते. आमच्यासाठी दसरा म्हणजे आदल्या दिवशीचा झेंडू. बतुकम्मा हा आमच्याकडचा फुलांचा सण उरकत आलेला असतो, पण फुलांची मागणी थांबत नाही. घर, गाडी, दुकान, यंत्र, सगळ्यांना हार लागतात. त्या दिवशी भाजीपेक्षा झेंडूच्याच गोण्या जास्त येतात आणि बाजारभर तो उग्र, ओला वास भरून राहतो.

त्या पहाटे घरून निघतानाच डावा कान जरा भरल्यासारखा वाटत होता. आंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून मी मान वाकडी करून एका पायावर दोन उड्या मारल्या. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काई नाई, पाणी गेलं." बाजारात पोचेपर्यंत त्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, दुरून प्रेशर कुकर ऐकू यावा तशी. चहा घेतला, जांभया दिल्या, नाक दाबून फुंकलं. कान काही उघडेना. दुखत मात्र अजिबात नव्हतं. दुखलं असतं तर मी कदाचित थांबलो असतो.

बोली सुरू झाली. पहिले काही ढीग नीट गेले. मग काहीतरी विचित्र व्हायला लागलं. सगळे आवाज उजवीकडून यायला लागले. माझ्या डावीकडे पानठेल्याजवळ फुलवाले उभे होते, त्यांची तोंडं हलताना दिसत होती, पण आवाज उजवीकडून, भिंतीच्या बाजूने येत होता. आणि तिथं तर दुसरेच लोक होते. मी गोंधळून मान इकडून तिकडे फिरवत राहिलो. एक मोठा ढीग मी उजवीकडच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या नावावर तोडला. त्याने हात वर केले, "मैं तो कुछ बोलाइच नहीं!" डावीकडचा फुलवाला गोण्या ओलांडून माझ्यासमोर आला आणि ओरडायला लागला, की शेवटचा भाव त्याचा होता, सगळ्यांनी ऐकलाय. मला त्याचं ओरडणं अर्धवटच ऐकू येत होतं. भोवती गलका इतका झाला की त्यातला एकही शब्द मला वेगळा काढता येईना. सगळा बाजार एका पिंपात कोंबून झाकण लावल्यासारखा झाला होता.

भाऊ गल्ला सोडून आला. "काय करून राह्यला तू? ध्यान कुठं हाये तुहं?"

"दादा, मले ऐकू येऊन नाई राह्यलं."

"काय?"

"डाव्या कानानं. काहीच नाई."

त्याने मला खाली उतरवलं आणि स्वतः वर चढला. मी गोण्यांच्या मागे जाऊन बसलो आणि खिशातून मोबाईल काढला. बायकोला लावला आणि सवयीने डाव्या कानाला धरला. रिंगच वाजेना. स्क्रीनवर पाहिलं तर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे तिने उचललेला होता. फोन उजव्या कानाला लावला, तर ती म्हणत होती, "अहो, बोला ना, बोलत काऊन नाई?" मी पुन्हा डाव्या कानाला लावून पाहिला. फोनच्या जागी लाकडाचा ठोकळा धरल्यासारखं झालं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पहाटे नुसता भरलेला कान उन्हं वर यायच्या आत पार गेला होता.

दुपारी भावाने मला बाजाराजवळच्या औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदार ओळखीचा. त्याने कानात बॅटरी मारली, म्हणाला मळ साचला असेल, नाहीतर सर्दीने बसला असेल. थेंबांची बाटली दिली, सर्दीची गोळी दिली. "दोन-चार दिवसांत खुलेल," असं तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका निश्चिंत होता की मलाही हायसं वाटलं. तिथून घरी जाताना भाऊ म्हणाला, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवून टाकू. शहरात कान-नाक-घशाचं एक खासगी क्लिनिक होतं, बाईडॉक्टर होत्या. तिथं गेलो तर शटर खाली आणि दाराला तेलुगूत कागद चिकटवलेला: सणानिमित्त गावी, दवाखाना बंद. दसऱ्याला लागूनच त्या वर्षी मोहरम आला होता. म्हणजे सुट्टीला सुट्टी जोडलेली. मोठा सरकारी दवाखाना डोळ्यांसमोरून गेला, पण तिथं त्या वेळी फक्त अपघात विभाग उघडा असणार, आणि कान बसला म्हणून अपघात विभागात कोण जातं? तिथं हातपाय मोडलेली, विष प्यायलेली माणसं नेतात. आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही की हीसुद्धा तशीच घाईची गोष्ट आहे. जायला पाहिजे होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

दसऱ्याच्या सकाळी मायने लसूण घालून तेल गरम केलं. मला कुशीवर झोपवलं आणि चमच्याने कानात सोडलं. "आता खुलन बघ," ती म्हणाली. तेल आत गेल्याचं, ऊब लागल्याचं मला कळलं, पण तेल सोडताना होतो तो गुळगुळ आवाज मात्र आला नाही. मी तसाच पडून राहिलो. शहरात नव्या जिल्ह्याचा कार्यक्रम चालला होता. लाऊडस्पीकर, ढोल, फटाके. उजवा कान उशीत दाबला की हे सगळं लांब जायचं आणि कुकरची ती शिट्टी तेवढी उरायची. मी उजवा कान दाबायचो आणि सोडायचो. बायको दारातून बघत होती. तिने विचारलं, "काय करून राह्यले?" मी म्हणालो, "बघून राह्यलो, आला का म्हणून."

संध्याकाळी सोनं वाटायला लोक आले. कोण कुठल्या बाजूने बोलतंय हे मला कळेना, म्हणून मी भिंतीला डावी बाजू लावून बसलो. माझं उत्तर चुकायचं. कोणी विचारलं, "भैंसा आता निर्मलमध्ये ना?" मी म्हणालो, "हो, दुपारीच जेवलो." सगळे हसले, मीही हसलो. बायको मात्र उठून आत गेली.

मोहरमच्या दिवशी उठलो तेव्हा खोली जरा डोलत होती, पलंगाचा कोपरा धरून उभं राहावं लागलं. ते थोड्या वेळाने थांबलं, पण कान होता तसाच होता. बायको आता कोणाचं ऐकेना. तिने भैंशाला भावाला फोन लावला, त्याने जिनिंगमधल्या कोणाला विचारलं, त्याने नांदेडच्या एका दवाखान्यात फोन लावून दिला. तिथल्या माणसाने सगळं ऐकून एवढंच सांगितलं, "थेंब-बिंब राहू द्या. उद्याची वाट बघू नका. जो कानाचा डॉक्टर आधी भेटेल त्याच्याकडे जा." आम्ही नांदेडला निघायच्या तयारीत होतो. माझा भाऊ गाडी बघायला गेला आणि येताना त्याला क्लिनिकचं शटर अर्धं वर दिसलं. बाईडॉक्टर गावाहून परतल्या होत्या आणि झाडून घेत होत्या.

त्या साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, वरंगलकडच्या. तेलुगू वळणाची हिंदी बोलत. दवाखाना उघडला नव्हता, कंपाउंडर नव्हता, तरी त्यांनी हातातला झाडू ठेवला आणि मला खुर्चीवर बसवलं. कानात दुर्बीण घातली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तेल कौन डाला?"

सोबत भाऊ आणि बायको होते, माय आली नव्हती म्हणून बरं झालं. डॉक्टरांनी तेल पुसून काढलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, पडदा चांगला आहे. मळ नाही, पाणी नाही, पू नाही. मला आनंद झाला. मी भावाकडे पाहून हसलोसुद्धा. पण त्यांचा चेहरा हसला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक पोलादी चिमटा काढला, दोन लांब दांडे असलेला, तो कोपरावर आपटला आणि झिणझिणणारा त्याचा पाय माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

"आवाज किधर आता?"

मी नीट लक्ष दिलं. "उजवीकडे. सीधे कान में."

त्यांनी तो उचलला, पुन्हा आपटला, पुन्हा टेकवला. पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर त्यांनी आम्हाला समजावलं, ते असं. बाहेरून कान बुजला असेल, मळाने किंवा पाण्याने, तर कपाळावरचा हा आवाज बुजलेल्या कानात जास्त येतो. तुमचा चांगल्या कानात गेला. म्हणजे रस्ता मोकळा आहे, आतलं यंत्र बंद पडलं आहे. आवाज ओळखणारा भाग किंवा त्याची नस.

"काऊन?" भावाने मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही," त्या हिंदीतच म्हणाल्या. "कधी विषाणू असेल, कधी रक्तपुरवठा असेल. कधी कधी नसेवर गाठ असते, म्हणून नंतर एमआरआय करायचा. पण आधी औषध. किती दिवस झाले?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं की पहिल्या दिवशीच का नाही आलात. आणि लगेच स्वतःच मान हलवली, कारण दारावरचा कागद अजून तसाच होता. त्या उठल्या, तो कागद फाडून काढला आणि घडी करून टेबलावर ठेवला.  

आतल्या बाजूला एक लाकडी खोकं होतं, माणूस बसेल एवढं, आतून स्पंज लावलेलं. तिथं मला बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला बारीक टुक, टुक. मी दाबत गेलो. मग डाव्याची पाळी. उजवा कान चोरून ऐकू नये म्हणून त्यात वाऱ्यासारखा सूं आवाज भरला. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. काचेतून डॉक्टर यंत्राचे खटके फिरवताना दिसत होत्या. फिरवायच्या, माझ्याकडे बघायच्या. पुन्हा फिरवायच्या. मला कळत होतं की या क्षणी माझ्या कानात आवाज सोडला जातोय, पहिल्यापेक्षा मोठा, त्याहून मोठा. माझं काम फक्त अंगठा दाबायचं होतं आणि मला ते करता येत नव्हतं. एकदा मी उगाच दाबलं. त्यांनी काचेपलीकडून नाही म्हणून मान हलवली. अगदी शेवटी काहीतरी जाणवलं, आवाज नव्हे, हाडाला धक्का लागल्यासारखं. तेवढंच.

कागदावर उजव्या कानाची रेघ वरच्या बाजूला होती. डाव्याची खाली, पानाच्या काठापाशी.

औषध म्हणजे स्टेरॉईडच्या गोळ्या होत्या, सकाळी खाऊन एकदम घ्यायच्या, पूर्ण ताकदीने सुरू करून पुढे हळूहळू कमी करायच्या. पण मला साखरेचा आजार होता, आधीपासूनच. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून तिथंच तपासलं आणि भुवया वर केल्या. या गोळ्यांनी साखर आणखी चढणार. त्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरला फोन करून सांगितलं आणि मला त्यांच्याकडे भरती व्हायला पाठवलं. तिथं रोज साखर बघायचे, इन्शुलिन द्यायचे, आणि त्यासोबत गोळ्या. निघताना बायकोने विचारलं, "येईन ना कान परत?"

बाई तिच्याकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "कोणाचा पूर्ण येतो. कोणाचा थोडा. कोणाचा येत नाही. लवकर सुरू केलं की संधी जास्त. चक्कर आली होती आणि कान पूर्ण बंद आहे, म्हणून मी वचन देत नाही."

बायकोला हिंदी कमी कळायची. ती मला विचारत होती, "काय म्हणे?" मी सांगितलं, "औषध घ्या म्हणे."

भरती असतानाचे दिवस मला नीट आठवत नाहीत. झोप येत नसे, ती गोळ्यांची करामत होती. तोंडाला सारखी भूक लागायची आणि खायला मनाई. कॉटवर उजवी कूस उशीवर टेकवून झोपलो की सगळी खोली नाहीशी व्हायची. म्हणून मी डाव्या कुशीवर झोपायला शिकलो. जाग आली की पहिलं काम म्हणजे डाव्या कानाजवळ बोटं चोळून बघायचं. बोटं एकमेकांवर घासली की खसखस येते, ती प्रत्येक माणसाला येते. मी चोळायचो. बायको बघायची. परिचारिका येऊन सुई टोचून जायची. भाऊ बाजार आटोपून यायचा, फुलकोबी कशी गेली, वांगं कसं गेलं ते सांगायचा, आणि नकळत जोरजोरात बोलायचा, जसं काही मी दोन्ही कानांनी बहिरा आहे.

एकदा माय आली. कॉटच्या डाव्या बाजूला बसून ती बरंच काही बोलली. मी छताकडे बघत होतो. मला वाटलं ती गप्प बसलीय. वळून पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते. मी म्हणालो, "माय, इकडून बस." ती उठून उजवीकडे आली, आणि काय बोलत होती ते पुन्हा सांगायला तयार झाली नाही. "काई नाई," एवढंच म्हणाली. नंतर बायकोकडून कळलं, तेलामुळे कान गेला असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी बाईडॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तेलाने गेला नाही, आधीच गेला होता. पण तेल घालायचं नसतं आणि तेलात दिवस गेले. मी मायला त्यातलं पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं नाही.

गोळ्यांचा कोर्स संपत आला तेव्हा पुन्हा त्या लाकडी खोक्यात बसलो. या वेळी जाड, घोगरे आवाज थोडे आले. मी अंगठा दाबला तेव्हा काचेपलीकडे डॉक्टरांनी पहिल्यांदा मान डोलावली. पण माणसाचं बोलणं ज्या पट्ट्यात ऐकू येतं, तिथं रेघ खालीच होती. त्यांनी सांगितलं, अजून एक रस्ता आहे, पडद्यातून आत इंजेक्शन. औषध थेट आतल्या कानापाशी जातं, साखरेलाही फार त्रास होत नाही. मी हो म्हणालो. आडवं झोपवून, पडदा बधिर करून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघत सुई टोचली. आत गार, जड काहीतरी भरलं, भिंती फिरल्या, आणि त्या म्हणाल्या, गिळू नका, बोलू नका, अर्धा तास असेच पडा. मी पडलो. असं आठवड्या-आठवड्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा केलं. यवतमाळला जाऊन एमआरआय केला. गाठ नव्हती. भाऊ रिपोर्ट हातात घेऊन म्हणाला, "चला, मोठं संकट टळलं." ते खरंच होतं, आणि तरी मी त्याच्या आनंदात सामील होऊ शकलो नाही. गाठ असती तर निदान काय झालं ते कळलं असतं. आता काय झालं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

कान जेवढा यायचा तेवढा आला. ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, कोणी अगदी जवळून जाड आवाजात बोललं तर बोलल्याचं कळतं, काय बोललं ते कळत नाही. शिट्टी गेली नाही. तीही आता घरातलीच झाली आहे, पंख्यासारखी. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी यंत्राची माहिती सांगितली. डाव्या बाजूचा आवाज पकडून उजव्या कानाला पोचवणारी यंत्रं असतात म्हणाल्या. मी बघू म्हणालो. दुसरा कान जपा, साखर जपा, आणि पुन्हा असं काही वाटलं, उजव्याला जरासुद्धा, तर सुट्टी बघू नका, सण बघू नका, त्याच दिवशी कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जा, एवढं त्यांनी तीन भाषांत सांगितलं. मराठीतलं वाक्य त्या कुठून तरी पाठ करून आल्या होत्या.

बोली मी पुन्हा करून पाहिली, एका मंदीच्या दिवशी, थोड्या मालावर. भिंतीला पाठ लावली, सगळ्यांना उजवीकडे उभं राहायला सांगितलं. लोक ऐकून होते, उभे राहिले. पण बाजार एका बाजूला उभा राहत नाही, थोड्या वेळात पसरतो. दोन आवाज एकदम आले आणि मी थांबलो. कोणी ओरडलं नाही. सगळे शांतपणे माझी वाट बघत राहिले, ते मला जास्त लागलं. मी उतरलो. तेव्हापासून भाऊ बोली करतो, त्याला गळा नाही, खोकतो. मी वजनकाट्यापाशी बसतो.

पुढच्या थंडीत एके सकाळी भैंशाहून मेव्हण्याचा फोन आला. आवाज उतरलेला. "भावजी, रात्रीपासून माहा कान बंद झाला. उजवा. तुमच्यासारखंच."

मी म्हणालो, "दुखते?"

"नाई."

"घरात तेल टाकलं?"

"नाई टाकलं. पण आज जिनिंगमध्ये गाड्यांची लाईन लागली हाये, मालक सोडणार नाई. उद्या परवा दाखवतो."

"आत्ता निघ," मी म्हणालो.

"अवो, सरदीच असन ना, दोन दिवस बघतो."

"सरदी हाये का दुसरं काही, ते तुले फोनवरून कळत नाई, मलेही कळत नाई. डॉक्टरनं आत पाहिल्याशिवाय कोणाले कळत नाई. आत्ताची बस पकड अन् नांदेड गाठ." मी इतक्या मोठ्याने बोलत होतो की काट्यापाशी उभे असलेले शेतकरी बघायला लागले. मग फोन बायकोने घेतला. ती रडली, ओरडली, शेवटी मालकाचा नंबर मागायला लागली. तो निघाला.

तो दिवस आम्ही दोघांनी दुकानाच्या पायरीवर काढला. ती सारखी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. मला वाटत होतं, लवकर गेलाय, त्याचं जमेल, त्याचं तरी जमलं पाहिजे. आणि वाटून काय होणार, हेही कळत होतं. माझ्या हातात काट्याची वजनं होती, ती मी एकावर एक ठेवत होतो.

दुपार कलल्यावर फोन आला. मेव्हणा चिडलेला होता आणि हसतही होता. "मळ, भावजी! दगडासारखा मळ! त्यानं पाण्याची पिचकारी मारली अन् काढला, बस. खुलला कान. आतून चिमण्या बोलून राह्यल्या सगळ्या. अन् तुमी माही दिवसभराची हजेरी बुडवली!"

"बरं झालं," मी म्हणालो.

"काय बरं झालं? मळासाठी नांदेड?"

"मळच निघाला हेच बरं झालं."

बायकोने विचारलं, "काय निघालं?" मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसताहसताच रडायला लागली. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो, म्हणजे माझा चांगला कान तिच्याकडे होता, आणि मला तिचं ते सगळं नीट ऐकू येत होतं. मलाही आनंद झाला, खरंच झाला. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. एक पिचकारी, आणि चिमण्या. मला त्या पोराचा हेवा वाटला. त्याच्या मळाचा हेवा वाटला. असा काही हेवा असू शकतो, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

समोरून मिरचीच्या गोण्या घेऊन कोणीतरी येत होतं आणि काहीतरी विचारत होतं. मी उठलो आणि उजवा कान त्याच्याकडे येईल असा त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो.